स्लॅब पडण्याआधी: दिवे, पंखे, सॉकेट आणि इंटरनेट-कॅमेऱ्यांच्या पाइपांचं नियोजन कसं करावं

घर बांधताना वायरिंगचा विचार बहुतेक जण प्लास्टरच्या वेळी करतात. तोवर अर्धे निर्णय आपोआप होऊन गेलेले असतात, कारण छतातली प्रत्येक वस्तू स्लॅबच्या दिवशीच काँक्रीटमध्ये बंद होते. भिंतीतला बोर्ड हलवायचा तर झिरी मारून हलवता येतो. पंख्याचा हुक हलवता येत नाही, आणि स्लॅबमधून न नेलेला पाइप नंतर बाहेरून केसिंग-पट्टी लावूनच न्यावा लागतो. म्हणून नियोजनाचा क्रम असा ठेवा: आधी छत, मग जमिनीखालचं, आणि भिंती सगळ्यात शेवटी.

समजायला सोपं जावं म्हणून इथे एकच घर धरलं आहे. जुळे सोलापूरकडे सर्रास दिसतं तसं: ३० बाय ४० चा प्लॉट, आरसीसी फ्रेमचं तळमजल्याचं दोन बेडरूमचं घर, वरच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळ्या गच्चीवर ठेवलेल्या, पुढे गेट, बाजूला पाण्याचा हौद. हॉल आतून ११ बाय १८ फूट, मोठी बेडरूम १० बाय १२, स्वयंपाकघर ९ बाय १०.

हाताशी काय हवं

- आर्किटेक्टचा नकाशा, दारं कुठल्या बाजूला उघडतात ते दाखवलेला
- आरसीसीचा बीम आणि स्लॅबचा नकाशा
- घरात येणाऱ्या विजेच्या वस्तूंची यादी: आज असलेल्या आणि पुढच्या पाच वर्षांत घ्यायच्या
- मेझर टेप, रंगीत खडू, सुतळी, ओळंबा, पाण्याचा लेव्हल पाइप
- मोबाइलचा कॅमेरा (याचं काम शेवटी आहे, पण त्यावाचून सगळं अर्धवट राहतं)

वायरमन लायसन्सधारक ठेकेदाराचा असावा. नवीन मीटर घेताना महावितरणला त्याचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. काम संपल्यावर असा माणूस शोधत बसलात, तर दुसऱ्याने केलेल्या कामावर सही करायला तो का-कू करतो.

१. आधी सामान मांडा, मग पॉइंट

नकाशाच्या चार झेरॉक्स काढा. पहिल्यावर फक्त सामान काढा: पलंग, कपाट, टीव्ही, फ्रिज, घरघंटी, देवघर, कूलरची खिडकी. पॉइंटची खूण एकही करू नका. 'इथे एक, तिथे एक, कोपऱ्यात एक' असे मोघम पॉइंट दिले की नेमके कपाटामागे जातात, आणि पलंगाशेजारी मोबाइल लावायला एक्स्टेन्शन बोर्ड लोंबकळतो.

सामान कायम झालं की दुसऱ्या कागदावर छतातले पॉइंट काढा, तिसऱ्यावर भिंतीतले आणि चौथ्यावर फक्त इंटरनेट-कॅमेऱ्यांचे पाइप. सगळं एकाच कागदावर काढलं तर साइटवर कोणालाच वाचता येत नाही, आणि वायरमन मग स्वतःच्या अंदाजाने काम उरकतो.

२. पंख्याचं केंद्र मोकळ्या जागेचं काढा

मोठी बेडरूम १० बाय १२ आहे. १२ फुटांच्या एका टोकाला, १० फुटांच्या भिंतीला लागून, २ फूट खोल आणि छतापर्यंत उंच कपाट येणार आहे. वायरमन खोलीचा मध्य काढेल, म्हणजे समोरच्या भिंतीपासून ६ फूट. पण कपाट आल्यावर वापरायची जागा १० बाय १० च उरते आणि तिचा मध्य ५ फुटांवर येतो.

हा एक फूट किरकोळ नाही. १२०० मिलिमीटरच्या पंख्याचं पातं केंद्रापासून साधारण २ फूट बाहेर जातं. हुक ६ फुटांवर असेल तर पात्याच्या टोकापासून कपाटाच्या तोंडापर्यंत २ फूट उरतात, आणि कपाटाच्या वरच्या खणाचं दार तेवढंच रुंद असलं तर उघडताना ते चालू पंख्याला लागू शकतं. हुक ५ फुटांवर असेल तर ३ फूट मोकळे राहतात, आणि वारा कपाटावर न जाता पलंगावर येतो.

हॉल लांबट आहे, त्याला दोन पंखे लागतात. १८ फुटांचे चार भाग करा, साडेचार फुटांचा एक. दोन्ही टोकांकडून साडेचार-साडेचार फुटांवर एकेक हुक येतो आणि दोन हुकांत ९ फूट अंतर राहतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात हॉलमध्ये एकच पंखा ठेवणं ही खोटी बचत आहे. दुसरा पंखा नंतर घेतलात तरी चालेल, पण हुक आजच टाका.

आता खूण करण्याची अडचण. फ्रेमच्या घरात स्लॅबच्या वेळी आतल्या भिंती उभ्याच नसतात, फक्त बीमची सेंट्रिंग दिसते. बीम ९ इंचांचा असतो आणि आतली ४ इंची भिंत प्लास्टरसकट साधारण ५ इंच भरते. ती बीमच्या एका कडेला धरून बांधली, तर एका खोलीकडे ४ इंच जास्त जागा जाते आणि त्या खोलीचा मध्य २ इंचांनी सरकतो. एकट्या पंख्यात हे दिसत नाही. पण दिवे आणि पंखे एका ओळीत आले की ओळ वाकडी दिसते. म्हणून भिंत बीमच्या कोणत्या कडेला येणार, हे इंजिनिअरला आधी विचारा आणि माप भिंतीच्या तोंडापासून घ्या. खाली जोत्यावर भिंतींच्या रेषा मारलेल्या असतील तर उत्तमच. खालीच मध्य काढा, ओळंब्याने तो सेंट्रिंगच्या तळाला न्या आणि प्लायवूड असेल तर खालून खिळा ठोका. वर खिळ्याचं टोक दिसतं, तिथेच फॅन बॉक्स बसवायचा.

फॅन बॉक्सचा हुक खालच्या जाळीच्या सळ्यांवरून गेलेला आणि बाइंडिंग तारेने घट्ट बांधलेला हवा. सळ्यांखाली नुसता अडकवलेला हुक पंख्याचा भार फक्त काँक्रीटच्या पातळ थरावर टाकतो. बॉक्समध्ये कागद किंवा थर्माकोल ठासून भरा, नाहीतर काँक्रीट आत शिरतं आणि नंतर छिन्नीने फोडावं लागतं.

३. दिवे पात्याच्या वर नकोत

छतातला दिवा पंख्याच्या पात्याच्या वर आला की प्रकाश पात्यांमधून तुटत खाली येतो आणि सगळी खोली लुकलुकते. वाचायला बसलेल्या माणसाचं डोकं दुखतं आणि कारण कळत नाही. केंद्रापासून पात्याचे २ फूट सोडून आणखी किमान १ फूट बाहेर छतातला दिवा ठेवा. १० बाय १० च्या मोकळ्या जागेत चार दिवे हवे असतील, तर दोन्ही भिंतींपासून २-२ फुटांवर कोपऱ्यांकडे एकेक दिवा घ्या. ते पात्यापासून आपोआप लांब पडतात. फॉल्स सीलिंग करायचं असेल तर स्लॅबमधून खोलीला एकच दिव्याचा पॉइंट पुरतो, पुढची वाटणी सीलिंगमध्ये होते. बेडरूममध्ये पलंगाजवळ टू-वे स्विच द्या. त्याला दार ते पलंग असा वेगळा पाइप लागतो, म्हणून तो आताच ठरवायचा.

४. सॉकेट: उंची कुठून मोजायची

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. झिऱ्या मारताना जमीन कच्ची असते. तिच्यावर भर, कोबा आणि फरशी मिळून ३-४ इंच चढतात. वायरमनने कच्च्या जमिनीपासून ४ फूट मोजले तर फरशीनंतर बोर्ड पावणेचार फुटांवर किंवा त्याच्याही खाली येतो, आणि ओट्यावरचं सॉकेट टाइल्सच्या पट्टीत किंवा ओट्याच्या कडेला येऊन बसतं. म्हणून गवंड्याकडून लेव्हल पाइपने प्रत्येक खोलीत 'पक्क्या फरशीपासून १ मीटर' अशी खडूची रेषा मारून घ्या. मग सगळी मापं त्या रेषेपासून वर-खाली मोजायची.

उंच्या साधारण अशा: दाराजवळचा स्विचबोर्ड ४ फूट, पलंगाशेजारी २ फूट, एसी ७ ते साडेसात फूट. ओटा पावणेतीन फुटांचा असेल तर त्यावरची सॉकेटं साडेतीन फुटांवर घ्या. मिक्सरची वायर पोचते आणि सांडलेलं पाणी सॉकेटपर्यंत उडत नाही. स्विचबोर्ड दाराच्या कडीच्या बाजूला हवा. बिजागरीच्या बाजूला घेतला तर उघडलेल्या दारामागे लपतो, म्हणून दार कुठे उघडतं हे नकाशावर आधी पक्कं करायचं. चौकटीपासून ८ इंच सोडा, नाहीतर पट्टी बोर्डावर येते.

दोन सॉकेटांकडे सोलापुरात वेगळं लक्ष द्यावं लागतं.

पहिलं कूलरचं. कूलर खिडकीत बसतो, त्यात पाणी भरलं जातं, ते सांडतं आणि उन्हाळाभर पत्र्याची ओली बॉडी हाताला लागत असते. कूलरचं सॉकेट खिडकीच्या खाली कधीच घेऊ नका. खिडकीच्या बाजूला, ४ फुटांवर घ्या. ६ अँपियरचं पुरतं, पण तिसऱ्या पिनला खरंखुरं अर्थिंग पोचलेलं हवं आणि डीबीत, म्हणजे घराच्या मुख्य वितरण बोर्डात, त्या सर्किटवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, हवा. कूलरच्या मोटरीचं इन्सुलेशन उतरलं की अर्थिंग नसलेल्या घरात झिणझिण्या येतात, आणि लोक 'पाण्यामुळे येतं' म्हणून सोडून देतात. ती पुढच्या धोक्याची खूण असते.

दुसरं हौदाच्या मोटरीचं. शहरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे हौद आणि वर टाकी हे घरोघरी आहेच. मोटरीसाठी डीबीतून स्वतंत्र लाइन, १६ अँपियर, २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि स्विच घराच्या आत घ्या. टाकीतल्या फ्लोटसाठी हौदापासून गच्चीपर्यंत एक रिकामा पाइप आजच टाका. टाकी भरली की मोटर बंद करणारी यंत्रणा पुढे बसवायची असेल तर तोच कामाला येतो.

घरघंटी, गीझर, मायक्रोवेव्ह यांनाही १६ अँपियरच लागतं. घरघंटीची जागा आधी ठरवा. ज्वारी दळताना पीठ उडतं, म्हणून बरेच जण ती मागच्या पॅसेजमध्ये ठेवतात आणि मग तिथे फक्त दिव्याचा पॉइंट निघतो.

५. इंटरनेट आणि कॅमेरे: सगळे पाइप एका जागी

टीव्हीपासून टेबलाकडे, टेबलापासून कॅमेऱ्याकडे अशी साखळी करू नका. घरात मध्यावर एक जागा निवडा, आपल्या घरात हॉल आणि बेडरूमच्या मधल्या पॅसेजमध्ये ७ फुटांवर. सगळे पाइप तिथूनच निघतील. त्या कोनाड्यात राउटर, नेटवर्क स्विच आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर बसेल. वायफायसाठीही मध्यावरची जागाच बरी. रेकॉर्डर जिन्यावरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये ती भट्टी होते आणि हार्ड डिस्क आधी जाते.

तिथून निघणारे पाइप असे:

- फायबर आत येण्यासाठी, समोरच्या भिंतीवरून
- चार कॅमेरे: गेट, पुढचं दार, बाजूची बोळ, मागची बाजू
- टीव्ही
- अभ्यासाचं टेबल
- गच्ची, म्हणजे उद्याचा पहिला मजला

सगळे २५ मिलिमीटरचे घ्या. २० मिलिमीटरच्या पाइपात दोन कॅट-६ केबल सहज जातात आणि तिसरी अडकते. २५ मध्ये चार जातात. वळणावर एल्बो लावू नका, लांब बेंड लावा. तांब्याच्या केबलचं वळण तिच्या जाडीच्या चौपटीहून तंग नको, आणि फायबर तर तंग वळणावर प्रकाशच गळवतो. वायर दिसते शाबूत, पण इंटरनेट मधूनमधून तुटत राहतं. फायबरच्या टोकाला प्लग बसवूनच आणतात, तोही याच पाइपातून निघायला हवा. रिकाम्या प्रत्येक पाइपात ओढायची तार घालून ठेवा, दोन्ही टोकांना हातभर सोडून.

विजेच्या पाइपात इंटरनेटची केबल कधीही घालू नका. सिग्नल बिघडतो, ही झाली लहान गोष्ट. मोठी अशी की आत कुठे वायर सोलली गेली तर २३० व्होल्ट थेट राउटर, कॅमेरा किंवा तुमच्या लॅपटॉपपर्यंत येतात. समांतर जात असतील तर दोन पाइपांत फूटभर अंतर ठेवा, आणि एकमेकांना ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडा.

कॅमेऱ्यांसाठी पीओई घ्यायचे ठरवलेत तर एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातात, आणि प्रत्येक कॅमेऱ्यापाशी वेगळा विजेचा पॉइंट लागत नाही. केबल शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त केबल लांब अंतरावर वीज खाते. मग दिवसा कॅमेरा चालतो आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की बंद पडतो. असं होऊ लागलं तर आधी केबल तपासा.

लांबीचा हिशेब आपल्या घराचा: गेट ६० फूट, दार ३०, बोळ ३५, मागची बाजू ४५, टीव्ही २५, टेबल ४०, गच्ची ३०. बेरीज २६५ फूट. वळणं आणि टोकांसाठी दहा टक्के धरले की सुमारे २९० फूट, म्हणजे ८९ मीटर. १०० मीटरचं बंडल पुरतं, ३०५ मीटरचा अख्खा खोका घ्यायची गरज नाही.

कॅमेऱ्याची जागा ८ ते ९ फुटांवर ठेवा. फार वर घेतला की माणसाचं टाळकं दिसतं आणि तोंड दिसत नाही. पश्चिमेकडे तोंड करून लावलेला कॅमेरा संध्याकाळी सूर्यामुळे आंधळा होतो, म्हणून गेट पश्चिमेला असेल तर कॅमेरा बाजूच्या भिंतीवरून तिरका बघेल असा घ्या. पाइपाचं बाहेरचं तोंड थोडं खाली झुकलेलं हवं, नाहीतर पावसाचं पाणी पाइपातून सरळ कोनाड्यात उतरतं. गच्चीवरच्या पाइपाचंही तसंच: स्लॅबच्या वर दीड फूट घ्या आणि तोंड खाली वळवून बंद करा.

गेटपर्यंतचा पाइप जमिनीतून जातो, आणि इथे काळी माती आपलं काम दाखवते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि चिकटवलेल्या पीव्हीसी पाइपाचे सांधे त्या हालचालीत सुटतात. तिथे सांधा नसलेला एचडीपीई पाइप घ्या, विजेचा वेगळा आणि केबलचा वेगळा, फूटभर अंतरावर. जमिनीतल्या पाइपात पाणी साचणारच, म्हणून तिथली केबल बाहेरच्या वापराचीच घ्या.

राउटर आणि रेकॉर्डर इन्व्हर्टरवर हवेत, नाहीतर वीज जाताच कॅमेरेही जातात आणि चोरी झाली तर रेकॉर्डिंग नसतं. कोनाड्यात ६ अँपियरची चार सॉकेटं इन्व्हर्टरच्या लाइनवर द्या. इन्व्हर्टरच्या सर्किटांचा न्यूट्रल वेगळा ओढायला सांगा. घराचा आणि इन्व्हर्टरचा न्यूट्रल एकत्र बांधला तर आरसीसीबी विनाकारण पडत राहतो, आणि वैतागून शेवटी कोणीतरी तो बायपास करून टाकतं. डीबी ते इन्व्हर्टर आणि इन्व्हर्टर ते डीबी असे जाण्या-येण्याचे दोन पाइप आताच ठेवा.

६. स्लॅबच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी

पाइप खालच्या जाळीच्या वर आणि वरच्या सळ्यांच्या खाली असावेत. चार-पाच पाइप एकत्र जुडीने बांधू नका. त्यांच्यामध्ये काँक्रीट शिरत नाही आणि तिथेच स्लॅब कमजोर होतो. बीममधून पाइप न्यायचा तर इंजिनिअरला विचारूनच. प्रत्येक सांध्याला सोल्यूशन लावलं आहे का, हे हाताने ओढून बघा. नुसता घुसवलेला कपलर काँक्रीट ओतताना सुटतो.

स्लॅबच्या दिवशी वायरमन साइटवर हवाच. मजूर पाट्या घेऊन पाइपांवरूनच चालतात, व्हायब्रेटर पाइपाला लागतो आणि सांधा उघडला की सिमेंटचं पाणी आत उतरतं. त्या क्षणी दिसलं तर दोन मिनिटांत नीट होतं.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक पाइपात स्प्रिंग घालून बघा. खरखरत जाऊन अडली, तर आत सिमेंटचं पाणी गेलं आहे. स्प्रिंग किती आत गेली ते मोजा. तेवढ्या अंतरावर तुंबलेली जागा आहे आणि सिमेंट कोवळं असेपर्यंत ती सुटण्याची शक्यता असते. महिन्याने कळलं तर तो पाइप गेला असंच समजा.

७. झिऱ्या आणि फोटो

झिरी सरळ उभी मारा. आडवी लांब झिरी ४ इंची भिंतीला मधूनच कापते. खोली भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून जास्त नको, आणि ४ इंची भिंतीत दोन्ही बाजूंचे बॉक्स पाठीला पाठ लावून बसवू नका. कॉलम-बीमला कटर लावायचा नाही, वायरमन कितीही 'थोडंसंच' म्हणाला तरी.

दोनदा फोटो काढा: स्लॅब ओतण्याआधी आणि प्लास्टर करण्याआधी. प्रत्येक भिंतीवर टेप उघडा ठेवा, एक कोपरा आणि दाराची चौकट फ्रेममध्ये येऊ द्या, आणि खोलीचं नाव खडूने भिंतीवर लिहा. मापाशिवाय काढलेला फोटो तीन वर्षांनी कोणत्या खोलीचा हे सांगत नाही. पडद्याची रॉड किंवा पाण्याचं फिल्टर लावायला ड्रिल आणला की हेच फोटो आधी उघडून बघा.